गव्हाच्या खोलीबद्दल एक पान

त्या पावसाळ्यात मी अमेरिकेतल्या हॉस्पिटलांना पाठवायचे अर्ज तयार करत होते. एमबीबीएस झालं होतं, इंटर्नशिप झाली होती आणि इंदूरच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात मेडिसिनच्या वॉर्डमध्ये मी हाउस ऑफिसर म्हणून काम करत होते. आपल्याकडची पीजीची प्रवेशपरीक्षा मी दोनदा दिली होती आणि दोन्ही वेळा मेडिसिनची सीट थोडक्यात हुकली होती. आमच्या बॅचमधले बरेच जण तेव्हा बाहेरची वाट धरत होते. तिकडच्या परीक्षा मी पास झाले. आता प्रत्येक हॉस्पिटलचा वेगळा फॉर्म भरायचा, गुणपत्रकं जोडायची, तीन प्राध्यापकांची बंद पाकिटातली पत्रं घ्यायची, आणि त्यासोबत एक पान स्वतःबद्दल लिहायचं. त्याला पर्सनल स्टेटमेंट म्हणायचे. मला डॉक्टर म्हणून पुढे काय शिकायचंय, हीच शाखा का, आणि आतापर्यंत रोग्यांबरोबर मी काय केलंय, हे सगळं त्या एका पानात.

ते पान मला सगळ्यात सोपं वाटलं होतं. शाळेत निबंधात मी नेहमी पहिली असायचे. एका रविवारी बसून मी ते लिहून टाकलं. सुरुवात अशी होती, की लहानपणापासून मी आजूबाजूला दुःख पाहिलं आणि तेव्हाच ठरवलं की माणसांचे अश्रू पुसायचे. मग बाबांची मिल बंद पडली, घरावर संकट आलं, पण मी हरले नाही. मग वॉर्डमधली एक म्हातारी, तिने माझा हात धरला आणि तिच्या डोळ्यांतल्या कृतज्ञतेने मला माझ्या आयुष्याचं ध्येय दाखवलं. शेवटी, औषधापेक्षा करुणा मोठी.

घरी मी ते मराठीत करून वाचून दाखवलं. आई शाळेत शिकवायची, तिने पदर डोळ्यांना लावला. बाबांनी कापडाच्या मिलच्या टाइम ऑफिसात, कामगारांची हजेरी लिहिण्यात, आयुष्य घालवलं होतं. मिल बंद झाल्यापासून ते कमीच बोलत. पण त्यांनी उठून माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला वाटलं, झालं काम.

मेडिकल कॉलेजच्या समोर तेव्हा नवीनच एक दुकान निघालं होतं. पुढे एसटीडीचा बूथ, मागे पडद्याआड एक कॉम्प्युटर आणि प्रिंटर. चालवणारा माणूस आधी कोर्टाबाहेर टाइपरायटर घेऊन बसायचा. मी माझं हाताने लिहिलेलं पान त्याला दिलं. त्याने पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि मान हलवली.

"दीदी, ये तो अपने पास टाइप किया पड़ा है. सिर्फ मरीज बदल दूँ?"

मला कळेना. मी म्हटलं, "भैया, हे मी कालच लिहिलंय. कुणालाच दिलेलं नाही."

तो शांतपणे म्हणाला, "हाँ हाँ, सब यही बोलते हैं," आणि त्याने स्क्रीन माझ्याकडे फिरवली. पांढऱ्या अक्षरांत माझं वाक्य तिथे होतं. लहानपणापासून, दुःख, अश्रू. त्याखाली म्हातारीच्या जागी एक लहान मुलगा होता, त्याने डॉक्टरचा हात धरला होता. दुकानदाराने दुसरी फाइल उघडली. तिथे एक म्हातारा होता. करुणा तिन्हीकडे औषधापेक्षा मोठी होती. एक पान आमच्या वर्गातल्या मुलाचं होतं, त्याला माणसांशी बोलायचा इतका कंटाळा होता की तो ओपीडी टाळण्यासाठी लायब्ररीत बसायचा.

मी खरंच कुठूनही उतरवलं नव्हतं. त्याचा मला जास्त धक्का बसला. चोरी केली असती तर निदान कळलं असतं की हे कुठून आलं. मी माझ्या मनातून लिहिलं होतं आणि माझ्या मनात जे होतं ते सगळ्यांचंच होतं. मी टाइप न करताच पान परत घेतलं. तो मागून म्हणाला, "फाँट नया लगा दूँगा दीदी, अलग दिखेगा."

दुसऱ्या दिवशी मी आमच्या मॅडमकडे गेले. मेडिसिनच्या प्राध्यापक. इंदूरच्याच, मराठी घरातल्या, काही वर्षं विलायतेत काम करून परत आलेल्या. मला शिफारसपत्र देणाऱ्या तिघांपैकी त्या एक. वॉर्डमध्ये त्यांना सगळे टरकायचे, कारण त्या रागवायच्या नाहीत, फक्त प्रश्न विचारायच्या.

राउंड संपल्यावर ड्यूटी रूममध्ये त्यांनी माझं पान वाचलं. मग पेन काढलं आणि एकेक शब्दावर बारीक रेघ मारत गेल्या. अश्रू. करुणा. ध्येय. कृतज्ञता. शेवटी पानावर माझं नाव, काही क्रियापदं आणि 'मिल' एवढंच उरलं.

"ही म्हातारी कोण?" त्यांनी विचारलं.

"अशीच. मेडिसिन वॉर्डमधली."

"काय झालं होतं तिला?"

अशी म्हातारी नव्हतीच. म्हणजे पुष्कळ होत्या, पण हात धरणारी ही एक मी तयार केली होती.

"मिलबद्दल लिहिलंयस ते खरंय, ते मला माहितीए," त्या म्हणाल्या. "पण ती तुझ्या बाबांची गोष्ट. तिकडे टेबलावर बसून जो माणूस हे वाचेल, त्याच्यापुढे असा गठ्ठा असणार. त्याला एवढंच बघायचंय, की ही पोरगी पेशंटपुढे उभी राहिली की काय बघते, काय विचार करते, काय करते. ते ह्यात कुठेच नाही. तू वॉर्डमध्ये चांगलं काम करतेस, अगं. मी बघते ना. मग ते लिही."

"कुठला पेशंट लिहू?"

"ज्याच्याबद्दल तू घरी बोलत नाहीस तो."

मला लगेच कळलं कुठला. त्याबद्दल मी घरीच काय, कुणाशीच बोलले नव्हते.

ते आषाढातलं होतं. सलग झड लागलेली. सकाळी वॉर्डमध्ये नवरा-बायको आले, दोघंही उलट्या करत, घामाने थबथबलेले. त्यांची लहान मुलगी बालरोग विभागात पाठवलेली, तो दुसऱ्या इमारतीत. माणूस आधी कापडाच्या मिलमध्ये होता. मिल बंद झाल्यावर त्याने मंडीतून गहू, चणा आणून घरातूनच विकायला सुरुवात केली होती. त्यांना घेऊन आलेला त्याचा धाकटा भाऊ पलंगाजवळ छत्री हातात धरून उभा होता, छत्रीतून फरशीवर पाणी गळत होतं. वस्तीतल्या डॉक्टरने फूड पॉयझनिंग म्हणून इंजेक्शन देऊन पाठवलं होतं, आमच्याकडे केसपेपरवरही तेच लिहिलं गेलं. पावसाळ्यात असे केस रोज यायचे. सलाइन लावायचं, उलटीचं औषध द्यायचं, पुढच्या पलंगाकडे जायचं.

पण त्या माणसाचं ब्लड प्रेशर मला सापडत नव्हतं. मी दोनदा दंडाला प्रेशरचा कफ बांधला. नाडी दोऱ्यासारखी लागत होती, हात गार. एवढ्या उलट्यांनी एवढं होत नाही. आणि तो नीट बोलत होता, शुद्धीवर होता, बायकोकडे मान वळवून बघत होता.

"रात को क्या खाया था?" मी विचारलं.

"खिचड़ी," तो म्हणाला.

छत्रीवाला भाऊ म्हणाला, "खिचड़ी तो मैंने भी खाई मैडम. उसी भगोने से. मैं तो ठीक हूँ."

मी त्याच्याकडे वळले. "तुम कहाँ सोए थे?"

"मैं तो सामने काकी के यहाँ सोता हूँ. इनके यहाँ जगह नहीं रहती. बोरियाँ भरी हैं ना."

"बोरियों में कुछ डाला था?"

त्याला तो प्रश्नच विचित्र वाटला. "गोली डाली थी. घुन की गोली. सब डालते हैं."

एकच खोली. अर्ध्या खोलीत ताडपत्रीखाली गव्हाची पोती, पोत्यांमध्ये किड्यांसाठी टाकलेल्या गोळ्या, उरलेल्या अर्ध्यात हे तिघं झोपलेले. पाऊस आत येतो म्हणून दार-खिडकी घट्ट लावलेली. त्या गोळ्या हवेतल्या ओलाव्याने विषारी वायू सोडतात, तो वायू किड्यांना मारतो, आणि त्याला किडा आणि माणूस यांतला फरक कळत नाही. त्यावर उतारा नाही. हृदय दमतं, आणि ते सावरेपर्यंत माणसाला धरून ठेवायचं, एवढंच आपल्या हातात.

मी रजिस्ट्रारना, वॉर्डमधल्या माझ्या वरच्या डॉक्टरांना, हाक मारली, त्यांनी भराभर सगळं सुरू केलं. मी बालरोग विभागाकडे धावले, पावसातून, चपला हातात घेऊन. तिथे मुलीला जुलाब-उलट्यांचं पोर समजून सलाइन जोरात चालू होतं. मी सांगितलं. तिथल्या रजिस्ट्रारबाईंनी एका क्षणात सलाइन कमी केलं आणि मुलीच्या छातीला स्टेथो लावला. त्यांचा चेहरा बघूनच मला कळलं, की फुप्फुसात पाणी भरायला लागलंय.

मुलगी त्या संध्याकाळी गेली. आई-वडील वाचले. आयसीयूतून आल्यावर पुढचे काही दिवस ते माझ्या वॉर्डमध्ये होते आणि बायकोची तब्येत सावरेपर्यंत तिला सांगायचं नाही असं दिराने ठरवलं होतं. मी सकाळी प्रेशर बघायला जायचे. ती विचारायची, "मैडम, बच्ची ने दूध पिया?" मी कफ फुगवत राहायचे. मग एक दिवस दिराने सांगितलं, आणि त्यानंतर तिने मला काहीच विचारलं नाही.

हे सगळं मी मॅडमना ड्यूटी रूममध्ये सांगितलं. बाहेर आयाबाई बादल्या आपटत होत्या.

"हे लिही," त्या म्हणाल्या.

मी लिहिलं. दोन दिवसांनी नेऊन दिलं. त्यात एक वाक्य होतं, की माझ्या निदानामुळे दोन जीव वाचले. मॅडमनी 'माझ्या' भोवती गोल केला.

"दोघांना कुणी सांभाळलं?"

"रजिस्ट्रारनी. सिस्टरनी. आयसीयूत."

"मग तुझं काय?"

मी विचार केला. "मी भावाला विचारलं, तू कुठे झोपलास."

"तेवढंच लिही. ते खरंच तुझं आहे, आणि ते पुष्कळ आहे. बाकीचं ज्याचं त्याचं नावानिशी नको, पण हुद्द्यानिशी लिही. रजिस्ट्रारने अमुक केलं, मी तमुक केलं. वाचणाऱ्याला कळतं कोण काय करतंय ते. आणि मुलगी?"

मी मुलीचं लिहिलंच नव्हतं. अर्जात मृत्यू कसा लिहायचा, असं मला वाटलं होतं.

"ती काढलीस तर उरलेलं सगळं खोटं होतं," मॅडम म्हणाल्या. "पण तिच्यावर अश्रू ढाळू नकोस. ती गेली, असं लिही. फुलस्टॉप. आणि पेशंट ओळखू येईल असं काही नको. गाव नको, वस्ती नको, मिलचं नाव नको. त्यानंतर तू काय वेगळं करायला लागलीस, ते असेल तर लिही."

ते होतं. तेव्हापासून मी उलट्यांच्या प्रत्येक रोग्याला जेवणाबरोबर झोपायची जागाही विचारत होते. घरात कोण कोण बरं आहे आणि ते कुठे होते. शेवटच्या परिच्छेदात मला तिकडे काय शिकायचंय हे होतं. पहिल्या मसुद्यात मी 'जागतिक दर्जाचं शिक्षण' असं लिहिलं होतं. मॅडमनी तेही खोडलं आणि विचारलं की मला नक्की काय येत नाही. मी म्हटलं, दमलेलं हृदय पुढचे चोवीस तास कसं सांभाळायचं ते मला येत नाही, ते मी लांबून पाहिलंय. "मग तसं लिही की," त्या म्हणाल्या.

असे तीन मसुदे झाले. तिसरा मला स्वतःलाच अनोळखी वाटत होता. त्यात एकही मोठा शब्द नव्हता. एका ओळीत खिचडी होती, एका ओळीत छत्री होती, एका ओळीत ताडपत्रीखालची पोती. मला भीती वाटत होती की हे फारच साधं आहे.

तो रविवार होता, गणपतीच्या आधीचा. बंद मिलच्या कामगारांनी त्या वर्षीही अनंत चतुर्दशीची झांकी, दिव्यांच्या देखाव्यांची मिरवणूक, काढायचं ठरवलं होतं, दोघं जण वर्गणीचं विचारायला येऊन गेले होते. बाबांनी त्यांना चहा दिला आणि मग पुन्हा जाऊन पडले. तीन-चार दिवस त्यांचं डोकं दुखत होतं, सकाळी उठल्यावर मळमळायचं, छातीत जड वाटायचं. मी त्यांना ॲसिडिटीची गोळी दिली होती. आई म्हणाली होती, झांकीचे दिवस आले की त्यांना असंच होतं, मिलची आठवण येते. मला ते पटलं होतं. घरात सगळ्यांनाच पटलं होतं. मिल बंद झाल्यापासून बाबांचं काहीही दुखलं की आम्ही ते मिलच्या खात्यावर टाकायचो.

जेवण झाल्यावर आई तांदूळ निवडायला बसली. मी म्हटलं, "आई, नवीन लिहिलंय. ऐक."

"पहिलंच छान होतं की गं."

"ऐक तर."

मी इंग्रजीतून मराठी करत वाचायला लागले. मिलमधून काम गेलेला एक माणूस, त्याची बायको. रक्तदाब लागत नव्हता. आई निवडता निवडता हुं हुं करत होती. तिला ते रुक्ष वाटत होतं, हे तिच्या हुंकारावरून कळत होतं.

"ह्यात तुझं मन कुठाय?" ती मध्येच म्हणाली. "मागच्यात कसं भरून यायचं. हे म्हणजे पोलिसांचा पंचनामा वाटतो."

मी पुढे वाचलं. भाऊ तीच खिचडी खाऊन बरा होता. तो वेगळ्या घरी झोपला होता. ते तिघं ज्या खोलीत झोपले होते त्या खोलीत गव्हाची पोती होती आणि पोत्यांत किड्यांसाठी टाकलेल्या गोळ्या. दारं-खिडक्या पावसामुळे बंद.

आईचे हात थांबले.

"कसल्या गोळ्या म्हणालीस?"

"गव्हात टाकतात त्या. घुन की गोली."

"राखाडी? कपड्यात बांधून ठेवायच्या?"

मी पानावरून वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग गेला होता.

"आपल्याकडे तीच आहे," आई म्हणाली. "चार-पाच दिवस झाले, टाकली मी. दोन्ही कोठ्यांत. गव्हात सोंडे दिसायला लागले होते. दरवर्षी एरंडेल चोळते, ह्या वर्षी पाठ धरली म्हणून किराणावाल्याने दिली ती आणली. तो म्हणाला, सगळे नेतात."

आमच्याकडे इतर मालवी घरांसारखाच वर्षाचा गहू उन्हाळ्यात भरायचे. पत्र्याच्या दोन कोठ्या, मागच्या लहान खोलीत. एकीचं झाकण कधीपासून वाकडं होतं, ते नीट बसायचं नाही. आणि त्या खोलीत, कोठ्यांना पाय लावून, बाबा झोपायचे. मिल बंद झाल्यापासून त्यांना पहाटे भोंग्याच्या वेळी जाग यायची, भोंगा वाजत नसला तरी. आमची झोप मोडू नये म्हणून त्यांनी आपलं अंथरूण तिकडे हलवलं होतं. आत्ताही ते तिथेच पडलेले होते. दार लोटलेलं, खिडकीला पावसासाठी प्लॅस्टिक लावलेलं.

मी कशी उठले ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की मी बाबांचे खांदे धरून त्यांना उठवत होते आणि ते म्हणत होते, "अगं, अगं, काय झालं? झोपू दे ना जरा." मी त्यांना अंगणात नेऊन ओट्यावर बसवलं. नाडी बघितली. लागत होती, पण मधूनच एक ठोका चुकत होता. मी पुन्हा बघितलं. पुन्हा चुकला. माझंच चुकतंय की काय असं वाटून मी तिसऱ्यांदा बघितलं.

तेवढ्यात आतून भांड्यांचा आवाज आला. आई बादलीभर पाणी घेऊन मागच्या खोलीकडे निघाली होती.

"आई, काय करतेस?"

"त्या गोळ्या पाण्यात बुडवते. विझतील ना."

मी तिच्या हातातली बादली ओढली, पाणी आम्हा दोघींच्या पायांवर सांडलं. "पाणी नको. पाणी लागलं की एकदम सगळा वायू सुटतो. तू बाहेर हो. आत कुणी जायचं नाही." माझा आवाज एवढा चढला होता की समोरच्या घरातल्या मावशी धावत आल्या. आई ओल्या पायांनी तशीच उभी राहिली, तिला काही समजत नव्हतं आणि सगळं समजलंही होतं. मी श्वास रोखून एकदाच आत गेले, खिडकीचं प्लॅस्टिक फाडून काढलं, दार उघडं टाकलं आणि बाहेर आले.

मावशींच्या मुलाने रिक्षा आणली. हॉस्पिटलात रजिस्ट्रारनी बाबांचा ईसीजी काढला, प्रेशर बघितलं, ऑक्सिजन लावला. आमच्याच वॉर्डमध्ये, खिडकीजवळच्या पलंगावर. काही जादा ठोके पडत होते. प्रेशर चांगलं होतं. मी पलंगाशी उभी होते, हातात अजून ते पान होतं, चुरगळलेलं, एका कोपऱ्याला ओलं. रजिस्ट्रार म्हणाले, "बस खाली. आज तू नातेवाईक आहेस."

बाबांना एवढ्या गडबडीचं कारणच पटत नव्हतं. "मला काय झालंय? गहू काय माणसाला मारतो?" आईने त्यांना सांगितलं. त्या मुलीपर्यंत आल्यावर ती थांबली, आणि पुढचं मी सांगितलं. बाबांनी विचारलं, "आमच्या मिलमधला होता का तो?"

"माहीत नाही, बाबा. मी विचारलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी ठोके जागेवर आले. त्याच्या पुढच्या दिवशी त्यांना घरी सोडलं. घरी म्हणजे समोरच्या मावशींकडे. कॉलेजातल्या न्यायवैद्यकाच्या सरांना विचारून आम्ही आमचं घर काही दिवस सताड उघडं ठेवलं, मग पुरचुंड्या बाहेर काढल्या. तोवर त्यांची नुसती भुकटी झाली होती. आईने ती वस्तीपासून लांब कोरड्या जागेत खोल पुरायला लावली आणि स्वतः शेजारी उभी राहिली.

ह्या सगळ्या दिवसांत माझ्या मनात एकच गोष्ट परत परत येत होती. पहिलं पान वाचलं तेव्हा आई रडली होती. त्या पानात समजा त्याच मुलीबद्दल मी लिहिलं असतं, 'एका निष्पाप बालिकेचा विषबाधेने झालेला करुण अंत', तर आईने पदर डोळ्यांना लावला असता, पुन्हा तांदूळ निवडायला घेतले असते, आणि बाबा मागच्या खोलीत तसेच झोपून राहिले असते. तिला हात थांबवायला पोती लागली. बंद खिडकी लागली. पोत्यांत टाकलेली किड्यांची गोळी लागली.

माझ्या एका मैत्रिणीने, तीही अर्ज भरत होती, हे ऐकल्यावर म्हटलं, "अरे यार, हे टाक ना त्यात. वडिलांना वाचवलं. कोण नाही म्हणेल?" क्षणभर मलाही मोह झाला. मी मॅडमना विचारलं.

"तुला काय वाटतं?" त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं.

"ते टाकलं की पुन्हा म्हातारीने हात धरल्यासारखं होईल."

त्या पहिल्यांदाच माझ्यासमोर हसल्या. "नको टाकूस. पण त्या दुकानात छापताना स्पेलिंग दोनदा तपास. तिथल्या माणसाचा भरवसा नाही."

दुकानदाराने पान टाइप केलं. ह्या वेळी त्याला वेळ लागला, कारण त्याच्याकडे ते आधीपासून नव्हतं. मध्येच तो थांबला, मागे वळला आणि म्हणाला, "दीदी, ये गोली... हमारे यहाँ भी डालते हैं. बच्चे वहीं सोते हैं." मी त्याला तिथेच बसून सगळं सांगितलं. त्याने कॉम्प्युटर तसाच चालू ठेवून, दुकान मावसभावावर सोपवून, सायकल काढली.

पंचवीसेक हॉस्पिटलांना अर्ज गेले असतील. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. तिघांनी मुलाखतीला बोलावलं. त्यातल्या एका ठिकाणी, बाहेर बर्फ पडत असताना, एक वयस्क डॉक्टर माझं पान समोर घेऊन बसले होते. त्यांनी माझे गुण विचारले नाहीत. म्हणाले, "मी पण कित्येक वर्षं लोकांना विचारतोय, काय खाल्लं. कुठे झोपलात हे विचारायचं मलाही सुचलं नसतं. त्या भावाला विचारायचं तुझ्या डोक्यात कसं आलं?"

मी म्हटलं, "तो ठीक होता म्हणून. बरा माणूस पलंगाजवळ उभा असेल तर त्यालाही काहीतरी माहीत असतं."

मला तिथेच जागा मिळाली. जुलैत मी गेले. जाण्याआधी मी त्या नवरा-बायकोची चौकशी केली होती. भावाचा पत्ता केसपेपरवर होता. त्यांनी धान्याचं काम सोडलं होतं, बायकोच्या माहेरी सांवेरकडे राहायला गेले होते, असं भाऊ ज्यांच्याकडे झोपायचा त्या काकींनी सांगितलं. ह्यापेक्षा जास्त मला कळलं नाही.

आई निवृत्त होईपर्यंत दर उन्हाळ्यात, गहू भरायच्या दिवसांत, वर्गातल्या मुलांना विचारायची की घरी गहू कुठे ठेवता आणि रात्री तिथे कोण झोपतं. मुलांच्या आया तिला भेटायला यायच्या. ती त्यांना बसवून सगळं सांगायची, खिचडीपासून. मी एकदा सुटीत आले असताना तिला सांगताना ऐकलं. तिने एकही शब्द वाढवला नव्हता.